विहीणबाईंच्या तक्रारीला उत्तर लिहिताना

प्रश्न: "मी जळगावला राहते. मुलीचं लग्न फेब्रुवारीत झालं, सासर अमळनेर तालुक्यात आहे. मुलगी पुण्याच्या कंपनीचं काम घरूनच करते. परवा विहीणबाईंचा व्हॉट्सॲपवर मेसेज आला: 'ताई, सांगू नये पण सांगते. तुमची पोरगी साडेसातशिवाय उठत नाही. नळ येतो तेव्हा झोपलेली असते. रात्रीची भांडी सकाळपर्यंत तशीच. कळण्याची भाकरी थापता येत नाही. आज पापडाला गल्लीतल्या सगळ्या बाया आल्या आणि ही कॉम्प्युटर घेऊन वर बसली. माहेरी काही वळण लावलं की नाही? राग मानू नका.' दोन रात्री झोप नाही. मुलीचे वडील म्हणतात उत्तरच देऊ नको. मुलीचा अपमान होऊ नये आणि त्यांचा मानही राहावा, असं काय लिहू?"

ताई, मी धुळ्याच्या एका कुटुंब सल्ला केंद्रात एकवीस वर्षं काम केलं. पूर्वी विहिणी-विहिणींचं असलं बोलणं लग्नकार्यात, मांडवाच्या कोपऱ्यात व्हायचं. बोललं, रडलं, जेवलं आणि घरी गेलं. आता ते मोबाइलवर लेखी येतं. बोललेलं माणूस विसरतं, लिहिलेलं कोणीही पुन्हा काढून दाखवतं. म्हणून तुमचं उत्तर फक्त विहीणबाई वाचतील असं धरू नका. त्या ते तुमच्या जावयाला दाखवतील, मुलीच्या नणंदेला पाठवतील आणि एक ना एक दिवस ते तुमच्या मुलीच्याही डोळ्यांखालून जाईल. या सगळ्यांनी वाचलं तरी तुम्हाला मान खाली घालावी लागणार नाही, एवढंच त्यात लिहायचं.

उत्तर द्यायचं की नाही, याबद्दल मी मुलीच्या वडिलांशी सहमत नाही. आपल्याकडे सोयरीक झाल्यावर विहिणीचा शब्द तसाच पडू दिला तर 'राग धरला' किंवा 'आम्हाला मोजत नाहीत' असा अर्थ निघतो. दोन दिवस गेले ते बरंच झालं. आता दुपारी दोन ते चारच्या मधे, त्यांचं स्वयंपाकघर आवरून त्या जरा टेकल्या असतील तेव्हा पाठवा. रात्री पाठवलेला मेसेज माणूस रात्रभर उगाळत बसतं. आवाज रेकॉर्ड करून पाठवू नका, तो घरात सगळ्यांसमोर लावला जातो आणि तुमचा कापरा आवाज लोकांच्या चर्चेचा विषय होतो. दोन्ही घरांचा मिळून एखादा ग्रुप असेल तर तिथे एक अक्षरही नको.

आता त्यांचा मेसेज माझ्याबरोबर पुन्हा वाचा. त्यात पाच तक्रारी आहेत आणि शेवटी वळणाचा टोमणा. तुम्हाला तो टोमणाच दिसतो आहे, ते साहजिक आहे. मी मात्र असा मेसेज हातात आला की आधी एक गोष्ट शोधते: घराबाहेरची माणसं कुठे आली आहेत? उठणं, नळ, भांडी, भाकरी या चारही गोष्टी घरातल्या घरात आहेत. बाहेरची माणसं फक्त एका ठिकाणी आली, पापडाच्या दिवशी. आणि मेसेजही त्याच दिवशी आला. बाकीच्या चार तक्रारी बहुतेक महिनाभर मनात साठलेल्या असतील, त्या दिवशी एकदम बाहेर पडल्या.

उडदाचे पापड आपल्याकडे एकटीचं काम नसतं, हे तुम्हाला मी काय सांगावं. पीठ तेलाचा हात लावून कुटायचं, लाट्या करायच्या, आणि गल्लीतल्या आठ-दहा जणी आपापलं पोळपाट-लाटणं घेऊन येतात. आज माझ्याकडे, उद्या तुझ्याकडे. जी दुसरीकडे जाऊन लाटून आली तिच्याकडेच बाया येतात, हा न बोललेला हिशोब असतो. त्यात ज्या घरात नवी सून आलेली आहे तिथे सगळ्यांचे डोळे तिच्याकडे. पहिल्या अर्ध्या तासात कोणीतरी विचारलंच असेल, "सून कुठे गं?" विहीणबाईंना "वर आहे, कामात" असं म्हणावं लागलं असेल. त्या क्षणी ओट्यावर बसलेल्या बायांनी एकमेकींकडे पाहिलं असेल, आणि ते तुमच्या विहीणबाईंच्या काळजाला लागलं असेल. वळणाचा प्रश्न तुम्हाला विचारलेला दिसतो, पण मला वाटतं तो आधी बायांनी त्यांना न बोलता विचारला. त्यांनी तो पुढे तुमच्याकडे ढकलला. हे ओळखलं की उत्तराचं पहिलं वाक्य आपोआप सापडतं.

लिहिण्याआधी मुलीशी बोला. मेसेज तिला पुढे पाठवू नका. तो वाचून ती सासूच्या डोळ्याला डोळा देऊ शकणार नाही आणि एकाच छताखाली राहायचं तिला आहे. मेसेज आला आहे हे मात्र लपवूही नका, नाहीतर उद्या सासूच्या तोंडून कळेल आणि तिला वाटेल आई आणि सासू मिळून माझ्या पाठीमागे बोलतात. "तुझ्या सासूबाई पापडाच्या दिवशी जरा नाराज होत्या, मला लिहिलंय त्यांनी. काय झालं होतं त्या दिवशी?" एवढं पुरे. मग गप्प बसून ऐका. पापडाचा दिवस तिला आधी माहीत होता का? मीटिंग आहे हे तिने कोणाला सांगितलं होतं का? नळ कोणत्या दिवशी, किती वाजता येतो, हे तिला कोणी नीट सांगितलंय का? चार-पाच दिवसांआड येणाऱ्या नळाची वेळ गल्लीतल्या माणसाला अंगवळणी पडलेली असते, नव्या माणसाला ती कुठेच लिहिलेली दिसत नाही. रात्रीची भांडी रात्रीच घासायची हा त्या घरचा नियम आहे, की मुलीचं काम संपेपर्यंत ओटा आवरून झालेला असतो आणि तिचं एकटीचं ताट मागे राहतं? आणि एक प्रश्न शेवटी, सहज विचारल्यासारखा: "तुला तिथे कशाची भीती वाटते का गं?" या प्रश्नाकडे मी पुढे पुन्हा येते.

असंच एक प्रकरण माझ्याकडे आलं होतं. मुलगी नोकरीवाली, सासर पारोळ्याच्या बाजूचं, तक्रार अशाच एका दिवसाची. मुलीशी बोलल्यावर कळलं की त्या दिवशी दहा ते एक तिला उठता येणार नाही हे तिने नवऱ्याला आदल्या रात्री सांगितलं होतं. नवऱ्याने आईला सांगितलंच नाही, शेतावर निघून गेला. सासूला वाटलं सून मुद्दाम वर बसली. सुनेला वाटलं निरोप दिलेला असूनही सासूबाई फुगल्या. दोघी आपापल्या जागी बरोबर होत्या. मधला निरोप गळाला होता. त्या मुलीच्या आईने आमच्याकडे येण्याआधी तीस ओळींचं उत्तर लिहून ठेवलं होतं, मुलगी दहावी-बारावीत कितवी आली होती इथपासून. नशीब, पाठवलं नव्हतं.

मुलीचं ऐकून झालं की कोणत्या तक्रारीचं उत्तर कोणी द्यायचं ते ठरवा. इथेच बहुतेक आया चुकतात. पाचही तक्रारींना आईच उत्तर द्यायला जाते आणि मुलगी त्या घरात कायमची 'आई बोलते ती' होऊन बसते. पापडाच्या दिवसाबद्दल सासूशी बोलायचं काम मुलीचं आहे. नळ, भांडी आणि उठण्याची वेळ ही त्या घराची व्यवस्था आहे, ती विहीणबाई, मुलगी आणि जावई या तिघांनी बसून लावायची. तुमच्या वाट्याला दोनच गोष्टी येतात: विहीणबाईंना झालेला अवघडलेपणा ऐकून घेणं आणि वळणाचा शब्द.

भाकरीबद्दल काहीच लिहू नका. "येईल हळूहळू, शिकवा तिला" असं लिहिलंत तर तक्रार मान्य झाली. "आमच्याकडे छान करते" असं लिहिलंत तर त्यांचं घर खोटं पडलं. कळण्याचं पीठ घराघरात वेगळं असतं. कोणी चार वाट्या ज्वारीला एक वाटी उडीद दळतं, कोणी उडीद जरा जास्त घेतं, आणि उडीद वाढला की पीठ चिकट होऊन थापायचा हात बदलतो. माहेरी थापता येणारी मुलगीही सासरच्या पिठाशी पहिले दोन महिने अडखळते. ते परातीसमोरच सुटतं, मोबाइलवर सुटत नाही.

माफीबद्दलही सांगायला हवं, कारण तुमच्या मनात तेच चाललं असणार. मुलीकडच्यांनी नमतं घ्यावं हे आपल्या हाडीमाशी मुरलंय. धुळ्याजवळच्या एका आईने अशाच मेसेजला लिहिलं होतं, "आम्हीच कमी पडलो, तिला काही येत नाही हे खरं आहे, तुम्ही सांगाल ते ती ऐकेल." तिच्या मनात फक्त घर सावरायचं होतं. आठ महिन्यांनी नवरा-बायकोचं बिनसलं, दोन्हीकडची माणसं बैठकीला बसली आणि मुलाच्या काकांनी मोबाइल काढून ते वाक्य मोठ्याने वाचलं: "तुमच्या बाईनेच कबूल केलंय." मुलीने तेव्हा आईकडे जे पाहिलं ते मी विसरलेले नाही. आईने माफी मागायची ती स्वतःच्या चुकीची. मुलीच्या वतीने, तिला न विचारता, सरसकट माफी मागायची नाही.

उलट टोकही आहेच. "तुमच्या मुलीला तरी तिच्या सासरी काय येतं ते आम्हाला माहीत आहे" असं वाक्य एकदा गेलं की पुढची पाच वर्षं दोन्ही घरं एकमेकांच्या मांडवात पाहुण्यासारखी बसतात.

हे सगळं धरून मी तुमच्यासाठी असं लिहीन. मुलीने मीटिंग असल्याचं सांगितलं, तिचं काम रात्री उशिरापर्यंत चालतं, असं धरून लिहिते आहे. तुमच्याकडचं जे खरं असेल ते घाला.

"विहीणबाई, नमस्कार. तुमचा मेसेज शांतपणे दोनदा वाचला. पापडाला गल्लीतल्या बाया आलेल्या असताना सून खाली नव्हती, तुम्हाला किती अवघड झालं असेल ते मला कळतं. माझ्याही घरी बाया येतात. त्या दिवसाबद्दल ती स्वतः तुमच्याशी बोलेल. नळ, भांडी, सकाळची वेळ हे तुमच्या घरचं आहे, त्यात मी इथून बोलणं बरं दिसत नाही. तिचं ऑफिसचं काम रात्री साडेअकरापर्यंत असतं. तुम्ही, ती आणि जावईबापू एकदा बसून वेळा ठरवाल तर तिलाही नेमकं कळेल. वळणाचं वाचून मनाला लागलं, ते तुमच्यापासून लपवत नाही. मुलीला आम्ही मायेने वाढवलंय आणि तुमच्या घरातही ती मायेने राहावी एवढीच इच्छा आहे. यापुढे काही वाटलं तर मला फोन करत जा, मी मोकळ्या मनाने ऐकेन. व्याह्यांना नमस्कार सांगा."

यातल्या काही जागा मुद्दाम तशा आहेत. पापडाच्या वाक्यात 'माझी मुलगी' नसून 'सून' आहे, कारण त्या दिवशी बायांनी विचारलं ते सुनेबद्दल, आणि ते वाचताना विहीणबाईंना वाटलं पाहिजे की ही बाई माझ्या जागी उभी राहून बघते आहे. संपूर्ण मेसेजमध्ये 'पण' हा शब्द नाही, तो शोधून काढून टाकलाय. "तुम्हाला अवघड झालं असेल, पण तिची मीटिंग होती" असं लिहिलं की वाचणाऱ्याला फक्त 'पण'च्या पुढचं ऐकू येतं. साडेअकराची गोष्ट एका वाक्यात, आहे तशी सांगितली आहे आणि तिच्या शेजारी साडेसातचा उल्लेख ठेवलेला नाही. दोन्ही आकडे शेजारी ठेवले की तो हिशोब होतो, आणि हिशोब मांडला की त्या दुसरा हिशोब मांडतील. साडेअकरापर्यंत काम करणारी साडेसातला उठते, हे त्यांचं त्यांना उमजू द्या.

वळणाच्या वाक्यावर बायका माझ्याशी वाद घालतात. काही म्हणतात तेवढं सोडून द्या, विषय वाढेल. मी ते ठेवते. ते गिळलंत तर पुढच्या मेसेजमध्ये तोच शब्द आणखी सहज येईल. 'मनाला लागलं' एवढंच म्हणायचं. 'तुम्ही असं कसं बोललात' म्हणायचं नाही. पहिल्यात तुमचं दुःख आहे, दुसऱ्यात त्यांचा गुन्हा. आणि फोनचं वाक्य शेवटी आहे ते पुढची तक्रार कागदावरून बोलण्यावर आणण्यासाठी.

नातं आधीचं असेल तर सुरुवात बदला. आपल्याकडे मामाच्या मुलीची आत्याच्या मुलाशी सोयरीक होते, म्हणजे तुमची विहीण तुमचीच नणंद असू शकते. तिला आजवर 'ताई' म्हणत आलात आणि या मेसेजमध्ये एकदम 'विहीणबाई' लिहिलंत तर ते दार लावल्यासारखं वाटेल. रोज जे म्हणता तेच लिहा. तुमचं फोनवर मोकळं बोलणं होत असेल तर आधी फोन करा आणि मेसेज दोनच ओळींचा ठेवा: "तुमचा मेसेज वाचला, दुपारी फोन करते."

आखाजी तोंडावर असेल, तर त्याचं बोलावणं या मेसेजला जोडू नका. मुलगी आखाजीला माहेरी येणार, मुऱ्हाळी पाठवायचा, हे दरवर्षीचंच आहे. तक्रारीच्या उत्तरात ते आलं तर 'तक्रार केली म्हणून पोरगी न्यायला निघाले' असा वास येतो. चार दिवस मधे जाऊ द्या आणि बोलावणं वेगळं, व्याह्यांच्या नावाने, रीतीप्रमाणे करा.

उत्तर गेल्यावर काय येतं त्यावरून बरंच कळतं. 'बरं ताई' एवढंच आलं तर समाधान माना, तो चांगला शेवट आहे. त्याच्यावर आणखी काही पाठवू नका. काहीच आलं नाही आणि मुलगी सांगते की सासूबाई दोन दिवस गप्प होत्या, मग नेहमीसारख्या वागल्या, तरी चांगलंच. उत्तरात नवी यादी आली तर यादीला उत्तर द्यायचं नाही: "वाचलं विहीणबाई, संध्याकाळी फोन करते" आणि खरोखर फोन करायचा. पारोळ्याच्या त्या प्रकरणात तिसऱ्या दिवशी सासूचा फोटो आला, गच्चीवर वाळत घातलेल्या पापडांचा, खाली एकही शब्द नाही. मुलीच्या आईने विचारलं, याचा अर्थ काय? मी म्हटलं, "सुंदर लाटलेत, एवढंच लिहा." सुनेने त्याच आठवड्यात रविवारी सासूबरोबर बसून कुरडया घातल्या, मीटिंगच्या वेळा कागदावर लिहून फ्रिजवर लावल्या. भांड्यांवरून त्यांची कुरबुर नंतरही चालूच होती, मात्र ती त्या दोघींतच राहिली.

आता भीतीच्या प्रश्नाकडे येते. वर लिहिलेलं सगळं सवयींच्या तक्रारीपुरतं आहे. मुलगी म्हणाली की फोन काढून घेतात, पगार मागतात, जेवणावरून बोलतात, अंगावर हात टाकला, किंवा मेसेजमध्येच गाडी, सोनं, पैसे असं काही डोकावलं, तर हा मसुदा बाजूला ठेवा. तिथे गोड उत्तर मुलीच्या विरोधात जातं. हुंडा मागणं १९६१ च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि घरातल्या छळासाठी २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा आहे, त्यात शिवीगाळ आणि पैशाची कोंडीही येते. असे मेसेज पुसू नका, तारखेसह जपून ठेवा, मुलीला आधी स्वतः जाऊन भेटा. १८१ ही महिलांसाठीची हेल्पलाइन आहे, तिथे मुलगी स्वतः किंवा तुम्ही फोन करू शकता. तुम्ही पाठवलेल्या मेसेजमध्ये मला तसं काही दिसत नाही. तरी तो प्रश्न विचारल्याशिवाय उत्तर पाठवू नका.

मुलीशी आज रात्री तिचं काम संपल्यावर बोला. पापडाच्या दिवशी निरोप कोणाला दिला होता ते कळलं की मसुद्यातलं 'ती स्वतः तुमच्याशी बोलेल' हे एक वाक्य बदलावं लागेल. निरोप जावयाकडे राहिला असेल तर विहीणबाईंना ते तुम्ही लिहू नका, मुलीलाही सांगायला लावू नका. जावईबापूंनाच आईला सांगू द्या की विसरलो ते मी.